रोजच्या भावांवरून शेअरची वार्षिक अस्थिरता कशी काढायची? (आणि आकडा कुठे फसतो)

वित्त, वाणिज्य किंवा अर्थशास्त्रात संशोधन करायचं ठरवलं की पहिल्या काही महिन्यांतच एक आकडा समोर येतो. अमुक शेअरची वार्षिक अस्थिरता 26 टक्के, तमुकची 41 टक्के. पेपरात तो एका ओळीत येतो आणि निघून जातो. एक्सेलमध्ये तो काढायला तीन सूत्रं पुरतात, त्यामुळे अवघड काही वाटत नाही. पण दोन विद्यार्थ्यांनी एकाच शेअरचे तेच भाव घेतले तरी एकाचं उत्तर 26 आणि दुसऱ्याचं 31 येऊ शकतं, आणि दोघांच्या गणितात एकही बेरीज चुकलेली नसते. प्रबंधाचं गृहीतक या आकड्यावर उभं असेल, तर हा फरक कुठून येतो ते आधी समजून घ्यायला हवं. म्हणून आज हा आकडा आपण कागदावर, हाताने काढून बघू.

अस्थिरता म्हणजे नेमकं काय मोजतो?

आपल्या परभणीचं उदाहरण घ्या. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर असतो. ऊन भयंकर, पण आज 43, उद्या 43.5, परवा 43. म्हणजे पातळी उंच आहे, हालचाल कमी आहे. अस्थिरता ही पातळी मोजत नाही, हालचाल मोजते. चार हजार रुपयांचा शेअर शांत असू शकतो आणि चाळीस रुपयांचा उड्या मारणारा असू शकतो. म्हणून भावांचं प्रमाण विचलन काढून काही उपयोग नसतो. आधी भावांचं रूपांतर रोजच्या परताव्यात करायचं आणि मग त्या परताव्यांचं प्रमाण विचलन घ्यायचं.

साधा परतावा का नाही, लॉग परतावा का?

100 रुपयांचा शेअर 50 वर आला आणि दुसऱ्या दिवशी परत 100 झाला. साधा परतावा पहिल्या दिवशी उणे 50 टक्के, दुसऱ्या दिवशी अधिक 100 टक्के. सरासरी आली 25 टक्के, खिशात मात्र काहीच वाढलं नाही. लॉग परतावा म्हणजे आजच्या भावाला कालच्या भावाने भागून त्याचा नैसर्गिक लॉग. इथे तो येतो उणे 0.693 आणि अधिक 0.693, बेरीज शून्य. जे घडलं तेच आकडा सांगतो.

ही बेरीज जुळणं फार कामाचं आहे. रोजचे लॉग परतावे मिळवत गेलात की आठवड्याचा, महिन्याचा, वर्षाचा लॉग परतावा आपोआप मिळतो. दिवसावरून वर्षावर जायचा जो पूल आपण पुढे वापरणार आहोत, तो याच गुणावर उभा आहे. एरवी रोजची हालचाल एक-दोन टक्क्यांची असेल तर साधा आणि लॉग परतावा जवळजवळ सारखेच येतात.

सहा दिवसांचं गणित

खालचे भाव समजण्यासाठी घेतलेले, कल्पित आहेत. सात दिवसांचे बंद भाव, म्हणून परतावे सहा.

| दिवस | बंद भाव | लॉग परतावा | त्याचा वर्ग |
|---|---|---|---|
| 0 | 400 | – | – |
| 1 | 406 | 0.01489 | 0.000222 |
| 2 | 402 | −0.00990 | 0.000098 |
| 3 | 411 | 0.02214 | 0.000490 |
| 4 | 405 | −0.01471 | 0.000216 |
| 5 | 407 | 0.00493 | 0.000024 |
| 6 | 400 | −0.01735 | 0.000301 |

शेअर 400 वरून निघून 400 वरच आला, म्हणून लॉग परताव्यांची बेरीज शून्य आणि सरासरीही शून्य. (याच सहा दिवसांचे साधे परतावे मिळवून बघा, 0.07 टक्के नफा दिसेल, जो कुणालाच झालेला नाही.) सरासरी शून्य असल्याने वजा काहीच करावं लागत नाही, थेट वर्गांची बेरीज घ्या. ती आली 0.001351. नमुना असल्यामुळे सहाने नाही, पाचने भागायचं. आलं 0.000270. हा झाला दैनिक व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. त्याचं वर्गमूळ 0.01644. म्हणजे दैनिक अस्थिरता 1.64 टक्के.

एक्सेलमध्ये भाव B रकान्यात, B2 पासून खाली असतील तर एवढंच लिहायचं:

```
C3:  =LN(B3/B2)
E1:  =STDEV.S(C3:C8)
E2:  =E1*SQRT(250)
```

पहिलं सूत्र C8 पर्यंत खाली ओढा. E2 मध्ये 0.26 दिसेल, म्हणजे 26 टक्के.

वर्गमूळ का, आणि 250 का?

वर्षाचा लॉग परतावा म्हणजे सुमारे 250 दैनिक परताव्यांची बेरीज. एका दिवसाच्या परताव्याचा दुसऱ्या दिवसाच्या परताव्याशी सहसंबंध नसेल, तर बेरजेचा व्हेरियन्स म्हणजे व्हेरियन्सची बेरीज. 250 दिवसांचा व्हेरियन्स दैनिक व्हेरियन्सच्या 250 पट. अस्थिरता हे त्याचं वर्गमूळ, म्हणून ती 250 च्या वर्गमुळाने, म्हणजे 15.81 ने वाढते. "सहसंबंध नसेल तर" ही अट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

आता 250 हा आकडा. परदेशी पाठ्यपुस्तकांत 252 असतो, तो अमेरिकन बाजाराच्या कामकाजाच्या दिवसांवरून आला आहे. आपल्याकडे सुट्ट्या जास्त, त्यामुळे वर्षाला साधारण 245 ते 250 सत्रं होतात. 250 च्या जागी 252 घेतलं तर आपलं उत्तर 26.0 चं 26.1 होतं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा फरक वेगळीकडे आहे. राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, रोज प्रत्येक शेअरच्या अस्थिरतेची फाइल देतो. फाइलचं नाव `CMVOLT` ने सुरू होतं आणि सूत्रं रकान्यांच्या मथळ्यातच लिहिलेली असतात:

```
C = LN(A/B)
E = Sqrt(0.995*D*D + 0.005*C*C)
F = E*Sqrt(365)
```

A म्हणजे आजचा बंद भाव, B कालचा, D कालची दैनिक अस्थिरता, E आजची, आणि F वार्षिक. इथे दोन गोष्टी आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत. एक, सगळ्या दिवसांना सारखं वजन नाही. आजच्या परताव्याला 0.005 वजन, आणि जुन्या दिवसाचं वजन रोज अर्ध्या टक्क्याने घटत जातं, साधारण 138 सत्रांत निम्मं होतं. (जुन्या फाइल्समध्ये 0.94 आणि 0.06 अशी वजनं दिसतील, तिथे हेच निम्मं व्हायला 11 सत्रंच लागतात. म्हणून जुनी आणि नवी फाइल सरळ जोडू नका.)

दुसरी गोष्ट 365. दैनिक आकडा कामकाजाच्या दिवसांचा आणि गुणक कॅलेंडरच्या दिवसांचा. 365 चं वर्गमूळ 19.10. आपला 1.644 टक्के त्याने गुणला की उत्तर 31.4. सुरुवातीला म्हटलेले 26 आणि 31 हेच. दैनिक अस्थिरता अगदी सारखी असली तरी एनएसईचा वार्षिक आकडा तुमच्यापेक्षा सुमारे 21 टक्क्यांनी मोठा येणार.

मग बरोबर कोणतं? शनिवार-रविवार बाजार बंद असतानाही भाव तितकाच हलत असता, तर शुक्रवारच्या बंदपासून सोमवारच्या बंदपर्यंतचा व्हेरियन्स साध्या दिवसाच्या तिप्पट यायला हवा होता. केनेथ फ्रेंच आणि रिचर्ड रोल यांनी 1986 मध्ये अमेरिकन शेअर्सवर हे तपासलं. व्हेरियन्स तिप्पट तर सोडाच, थोडासाच जास्त निघाला. हालचाल मुख्यतः बाजार चालू असतानाच होते. म्हणून संशोधनात 250 किंवा 252 घेणं सयुक्तिक. पण मुद्दा एवढाच नाही. तुमच्या तक्त्यात निम्मे आकडे स्वतः काढलेले आणि निम्मे एनएसईच्या वार्षिक रकान्यातून उचललेले असतील, तर दोन गटांतला फरक शेअर्सचा नसून गुणकाचा असेल. उचलायचाच असेल तर E चा दैनिक रकाना उचला आणि गुणक सगळीकडे एकच लावा.

एक ओळ सगळं बिघडवते: रिलायन्स, 28 ऑक्टोबर 2024

आता खरं उदाहरण. रिलायन्स इंडस्ट्रीजने 2024 मध्ये एकास एक बोनस दिला. प्रत्येक शेअरमागे एक नवा शेअर, म्हणजे भाव आपोआप निम्मा. 25 ऑक्टोबरच्या शुक्रवारी भाव 2,655 रुपयांच्या आसपास बंद झाला, आणि 28 ऑक्टोबरच्या सोमवारी बोनसनंतरचा भाव 1,335 च्या जवळपास. गुंतवणूकदाराचं काहीच गेलं नाही, उलट त्या दिवशी शेअर अर्ध्या टक्क्याने वर होता. पण समायोजन न केलेल्या भावांवर `LN` चालवलं की त्या ओळीत उणे 0.69 येतं.

एका ओळीने असं काय होणार? इथे एक सोपी युक्ती आहे. 250 दिवसांची मालिका असेल आणि सरासरी परतावा शून्याजवळ असेल, तर वार्षिक व्हेरियन्स म्हणजे जवळजवळ वर्षभरातल्या परताव्यांच्या वर्गांची बेरीज. समजा बाकीच्या दिवसांवरून अस्थिरता 22 टक्के येते. म्हणजे वर्गांची बेरीज 0.048. त्यात उणे 0.69 चा वर्ग, सुमारे 0.473, मिळवा. बेरीज 0.521, वर्गमूळ 0.72. बावीस टक्क्यांचा शेअर बहात्तर टक्क्यांचा झाला! एका खोट्या दिवसाने वर्षातल्या बाकी सगळ्या दिवसांच्या जवळजवळ दहापट व्हेरियन्स आणला.

हे ओळखायचं कसं? परताव्यांचा रकाना आकारानुसार लावा आणि 0.15 पेक्षा मोठ्या प्रत्येक आकड्याजवळ थांबा. एकास एक बोनस किंवा निम्म्याने विभाजन असेल तर उणे 0.69 च्या आसपास, दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच केले असतील तर उणे 1.61 च्या आसपास. हे आकडे दिसले की कंपनीच्या त्या तारखेच्या घोषणा उघडून खात्री करा. खात्री झाली की त्या तारखेच्या आधीचे सगळे भाव त्याच प्रमाणात भागा. रिलायन्ससाठी दोनने. 2,655 चे 1,327.50 होतात आणि परतावा येतो सुमारे 0.006, जो खराच होता.

पण मोठा परतावा दिसला की तो काढूनच टाकायचा, असं मात्र करू नका. 4 जून 2024 ला लोकसभेच्या निकालादिवशी निफ्टी जवळपास 5.9 टक्क्यांनी पडला. तो दिवस कुरूप दिसतो, पण तो घडलेला आहे. लोकांचे पैसे खरेच गेले. तो काढला तर जी जोखीम मोजायला बसलात तीच तुम्ही पुसून टाकाल. कसोटी साधी आहे. त्या दिवशी शेअरधारकाच्या एकूण रकमेत फरक पडला का? पडला असेल तर ओळ राहते. नसेल तर भाव समायोजित होतो.

छोट्या शेअरची खोटी शांतता

आता त्या अटीकडे येऊ, की एका दिवसाचा दुसऱ्या दिवसाशी सहसंबंध नको. मोठ्या शेअर्समध्ये ती बऱ्यापैकी पाळली जाते. छोट्या कंपन्यांमध्ये सर्किट असतं. बाजाराने 5 टक्क्यांची मर्यादा घातली असेल तर एका दिवसात भाव त्यापलीकडे जाऊच शकत नाही.

समजा चांगली बातमी आली आणि शेअरची खरी किंमत 30 टक्क्यांनी वाढली. मर्यादा नसती तर एकाच दिवसात 0.262 परतावा आला असता, वर्ग 0.069. मर्यादा आहे म्हणून शेअर पाच दिवस वरच्या सर्किटला अडकतो, रोज 0.0488, आणि सहाव्या दिवशी उरलेला 0.018. या सहा वर्गांची बेरीज फक्त 0.012. भाव पोहोचला तिथेच, पण व्हेरियन्स साडेपाच पटींनी कमी दिसला. वर्षात बाकी काहीच झालं नाही असं धरलं तर खरी अस्थिरता 26 टक्के आणि सूत्राने दाखवलेली 11. आणि फक्त त्या पाच सर्किटच्या दिवसांचं प्रमाण विचलन काढलंत तर ते शून्य येईल, कारण पाचही परतावे सारखेच. पाच दिवसांत जवळजवळ अठ्ठावीस टक्के चढलेला शेअर, आणि अस्थिरता शून्य!

असे वीस-पंचवीस शेअर घेऊन कुणी "लहान कंपन्या कमी जोखमीच्या आहेत" असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष कंपन्यांचा नाही, सर्किटचा आहे.

तपासणी सोपी आहे. त्याच मालिकेतून दर आठवड्याचा शेवटचा भाव घ्या, साप्ताहिक लॉग परताव्यांचं प्रमाण विचलन काढा आणि 52 च्या वर्गमुळाने, म्हणजे 7.21 ने गुणा. दैनिक पद्धतीचं उत्तर आणि हे उत्तर जवळ आलं तर अट पाळली जाते आहे. साप्ताहिक आकडा बराच मोठा आला तर भाव एकाच दिशेने ओढत जातो आहे, सर्किट किंवा तुरळक व्यवहार हे कारण असू शकतं. वरच्या उदाहरणात पाचही सर्किट एकाच आठवड्यात आले तर साप्ताहिक परतावा 0.244 होतो आणि वर्ग 0.06, म्हणजे हरवलेली बहुतेक हालचाल परत सापडते. साप्ताहिक आकडा बराच लहान आला तर उलट घडतंय. भाव खरेदी आणि विक्रीच्या बोलींमध्ये नुसता मागे-पुढे उडतो आहे, आणि दैनिक आकडा फुगलेला आहे.

आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

आपण सहा परताव्यांवरून 26 टक्के काढले, पण ते फक्त रीत समजण्यासाठी. अस्थिरतेची प्रमाण त्रुटी ढोबळमानाने अस्थिरता भागिले `2n` चं वर्गमूळ, इथे n म्हणजे परताव्यांची संख्या. 250 परतावे असतील तर 500 चं वर्गमूळ 22.4. 26 ला त्याने भागा, सुमारे 1.2. दोन्ही बाजूंना साधारण दुप्पट धरली तर वर्षभराच्या माहितीवरूनही खरा आकडा 23.7 ते 28.3 मध्ये कुठेतरी. तोही परतावे प्रसामान्य वितरणाचे आहेत असं मानून. खऱ्या बाजारात 4 जूनसारखे दिवस त्या वितरणाच्या हिशोबापेक्षा जास्त वेळा येतात, म्हणून खरी पट्टी याहून रुंद असते.

याचा अर्थ, एका शेअरची 26 आणि दुसऱ्याची 27 टक्के असेल तर "दुसरा जास्त अस्थिर" असं लिहू नका. आणि 26.0437 टक्के असे चार दशांशही लिहू नका.

मग जास्त वर्षांची माहिती घेतली तर? त्रुटी घटते, पण 2020 ची अस्थिरता आणि 2023 ची अस्थिरता एकच आहे असं मानावं लागतं, आणि ती एक नव्हती. म्हणून बहुतेक अभ्यासांत एक वर्षाची खिडकी घेऊन ती पुढे सरकवत नेतात.

प्रबंधात काय लिहायचं?

कार्यपद्धतीच्या प्रकरणात "वार्षिक अस्थिरता काढली" एवढं लिहिलं तर तुमचा आकडा दुसऱ्या कुणाला पुन्हा काढता येणार नाही. अशी दोन-तीन वाक्यं पुरतात: "एनएसईवरील समायोजित बंद भावांवरून दैनिक लॉग परतावे काढले. 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या काळातील परताव्यांचे नमुना प्रमाण विचलन 250 च्या वर्गमुळाने गुणून वार्षिक केले. 0.15 पेक्षा मोठे सर्व परतावे कंपनीच्या घोषणांशी ताडून पाहिले, आणि साप्ताहिक परताव्यांवरून काढलेली अस्थिरता पडताळणीसाठी सोबत दिली आहे."

एक बारीक सूचना. डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये बऱ्याचदा नवी तारीख वर आणि जुनी खाली असते. तशीच `LN` चालवली तर प्रत्येक परताव्याचं चिन्ह उलटतं. अस्थिरता तीच येते, त्यामुळे तिच्यावरून चूक कळत नाही. पण त्याच रकान्यातून पुढे सरासरी परतावा काढलात तर नफ्याचा शेअर तोट्याचा दिसेल. म्हणून तारखा चढत्या क्रमाने लावणं हे पहिलं काम, सूत्र नंतर.

सरावासाठी रिलायन्सचेच 2024-25 चे भाव घ्या. आधी समायोजन न करता अस्थिरता काढा, मग करून काढा, आणि शेवटी साप्ताहिक परताव्यांवरून. तीन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येक दोन आकड्यांतला फरक का पडला ते एका वाक्यात सांगता येतंय का ते बघा.